ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं चालूच आहे? या चुका टाळा

पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, रॅबेप्राझोल, नावं वेगळी पण काम एकच. पोटात आधीच असलेल्या ॲसिडला ही गोळी हात लावत नाही, ते काम गुलाबी सिरपचं. गोळी आतड्यात विरघळते, रक्तातून जठराच्या पेशींपर्यंत जाते आणि तिथले जे पंप त्या वेळी ॲसिड सोडतायत त्यांनाच चिकटून बंद करते. औषध रक्तातून काही तासांत निघून जातं पण बंद पडलेला पंप परत चालू होत नाही, शरीराला नवा बनवावा लागतो, म्हणून बहुतेकांना दिवसाला एक गोळी पुरते.

म्हणूनच पहिली चूक, जेवून झाल्यावर किंवा जळजळ सुरू झाल्यावर गोळी घेणं. पंप जागे होतात ते खाण्याने, तेव्हा औषध रक्तात आधीच हजर पाहिजे, म्हणजे नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी. सगळे पंप एकदम जागे नसतात, त्यामुळे पूर्ण परिणाम दिसायला तीन-चार दिवस लागतात, पहिल्याच दिवशी फरक नाही म्हणून डोस वाढवू नका. आणि गोळी चावू किंवा कुटू नका, वरचं कोटिंग गेलं की जठरातलं ॲसिडच औषध खराब करतं.

दुसरी चूक जास्त लोकांना अडकवते. समजा एका काकूंना गुडघ्यासाठी दहा दिवस पेनकिलर दिली, सोबत पॅन्टोप्राझोल 40. पेनकिलर संपली, ही गोळी मात्र मेडिकलमधून आणणं चालूच राहिलं, तीन वर्षं. मग एक दिवस बंद केली आणि आठवड्याभरात छातीत अशी आग की काकू म्हणतात "बघ, मला गोळीशिवाय जमतच नाही." पण हा बऱ्याचदा जुना आजार नसतो. ॲसिड कमी झालं की शरीर गॅस्ट्रिन वाढवतं, ॲसिड बनवायला सांगणारं हार्मोन, आणि महिनोन्महिने ते वाढलेलं राहिलं की गोळी थांबताच ॲसिड आधीपेक्षा जास्त सुटतं. काही आठवड्यांत हे आपोआप ओसरतं. डॉक्टरांना विचारून 40 ची 20 करा, मग एक दिवसाआड, मध्ये त्रास झालाच तर अँटासिड किंवा फॅमोटिडिन, असं केलं की बऱ्याच जणांची सुटते.

वर्षातून एकदा तरी डॉक्टरांना सरळ विचारा, ही गोळी नक्की कशासाठी चालू आहे? वर्षानुवर्षं घेणाऱ्यांमध्ये बी12 आणि मॅग्नेशियम कमी झालेलं सापडतं, हातापायाला मुंग्या, पायात गोळे येत असतील तर रक्त तपासून घ्या. हाडं मोडण्याशीही संबंध दिसलाय, पण गोळीमुळेच होतं हे सिद्ध झालेलं नाही.

उलटी चूकही होते, कुठलातरी मेसेज वाचून एकदम बंद करायची. अल्सरमधून रक्त गेलेलं असेल, ॲस्पिरिनसोबत रक्त पातळ करणारं दुसरं औषध चालू असेल, अन्ननलिकेला मोठ्या जखमा किंवा बॅरेट्स, म्हणजे ॲसिडमुळे अन्ननलिकेचं आतलं अस्तर बदललेलं असेल तर ही गोळी गरजेचीच आहे, स्वतःहून थांबवू नका. आणि गिळताना अडकणं, काळी शी, विनाकारण वजन घटणं यातलं काही असेल तर गोळी कमी-जास्त करत बसू नका, आधी डॉक्टरांकडे जा, बहुतेक दुर्बिणीने तपासणी सांगतील.