लोणच्यातला लसूण निळा-हिरवा पडला तर?

व्हिनेगरमध्ये घातलेल्या पाकळ्या दोन दिवसांत मोरपंखी झाल्या, तर बरणी ओतून देऊ नका. तो रंग विषारी नाही, चवही बिघडत नाही.

हा सगळा खेळ लसणातल्या गंधकाचा. आम्लामुळे पाकळीच्या पेशी सैल होतात आणि एरवी वेगळं राहणारं अ‍ॅलिनेज हे विकर गंधकयुक्त संयुगांना भिडतं. त्यातून तयार झालेले पदार्थ लसणातल्याच अमिनो आम्लांशी जुळून पायरोल नावाची लहान वलयं बनवतात. अशी वलयं एकमेकांना जोडली गेली की रंग दिसू लागतो. साखळीच्या लांबीनुसार तो निळा किंवा हिरवा होतो.

मूळ दोषी आयसोअ‍ॅलिन, या गंधकयुक्त संयुगांपैकीच एक. लसूण थंडीत राहिला की ते वाढतं, म्हणून फ्रिजमधला लसूण हमखास रंगतो. लोणच्यासाठी तो आधी दोन-तीन आठवडे बाहेर, उबदार कोरड्या जागी ठेवा. तेवढा धीर नसेल तर सोललेल्या अख्ख्या पाकळ्या दोन-तीन मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवून मगच व्हिनेगरमध्ये घाला. उष्णतेने विकर निकामी होतं. अर्थात झणकाही कमी होतो. मला तरी त्यापेक्षा निळा लसूण परवडतो.

बुरशी मात्र वेगळी ओळखा. पाकळी कापून पाहा: रंग आत मुरलेला आणि पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर ही रसायनाची करामत. वर लव, तवंग किंवा कुबट वास असेल तर अख्खी बरणी टाका.