उन्हाळ्यात मांजराच्या अंगातलं पाणी तपासायचं, तर तयारी आधी करायची

सोलापुरात मार्च सरत आला की माठ निघतात, कूलरमध्ये नवं गवत भरलं जातं. ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांनी त्याच आठवड्यात आणखी एक काम उरकावं. मांजर धडधाकट असताना त्याची कातडी, हिरड्या आणि वजन बघून लिहून ठेवावं. मे महिन्यात पारा ४२-४३ वर गेलेला असतो, मांजर कोपऱ्यात पडून असतं, आणि आपण पहिल्यांदाच त्याच्या मानेची कातडी चिमटीत धरतो. ती हळू बसली की घाबरतो, पटकन बसली की निश्चिंत होतो. दोन्ही चुकीचं असू शकतं, कारण त्याची नेहमीची कातडी कशी बसते हेच आपल्याला माहीत नसतं.

सगळ्यात आधी वजनाची सोय करा. चार-पाच किलोच्या जनावराला माणसाचा वजनकाटा चालत नाही. मांजर उचलून काट्यावर उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं, यात शंभर-दोनशे ग्रॅमचा घोळ सहज होतो, आणि आपल्याला नेमके तेवढेच ग्रॅम मोजायचे असतात. बॅगा तोलायचा लटकता डिजिटल काटा मिळतो. १० ग्रॅमपर्यंत दाखवणारा घ्या, मांजराला पिंजऱ्यात बसवा, पिंजऱ्यासकट तोला आणि रिकाम्या पिंजऱ्याचं वजन वजा करा. पिंजरा आठवडाभर आधीच घरात उघडा ठेवा, आत जुनी चादर टाका, म्हणजे मांजर आपणहून त्यात बसायला लागेल. वजन दर वेळी सकाळी, खाण्याआधी घ्या. पाण्याचा हिशोब सरळ आहे, एक लिटर म्हणजे एक किलो. एका-दोन दिवसांत जे वजन अचानक उतरतं, त्यात मोठा वाटा पाण्याचा असतो, थोडा रिकाम्या पोटाचा. महिनाभरात हळूहळू उतरतं ते मांस आणि चरबी. त्याचं कारण वेगळं आणि तेही दाखवण्यासारखं.

मग कातडी. मांजर पोटावर किंवा पायांवर सरळ बसलेलं असावं, गुंडाळून झोपलेलं नसावं, कारण अंग वळलं की कातडी ताणली जाते. मानगूट धरू नका. पिल्लं उचलायची ती जागा मुळातच सैल असते. खांद्यांच्या थोडं मागे, पाठीवर किंवा बरगड्यांच्या बाजूला अंगठा आणि तर्जनीत कातडी धरा, सरळ वर उचला आणि सोडा. निरोगी तरुण मांजराची कातडी सोडताक्षणी सपाट होते, डोळ्याला मधली अवस्था दिसतच नाही. पाणी कमी झालं की ती सावकाश खाली येते, आणि फारच कमी झालं तर तंबूसारखी उभी राहते. दाट केसांत हे नीट दिसत नाही, म्हणून दुसऱ्या कुणाला तरी बाजूने मोबाइलवर व्हिडिओ घ्यायला सांगा. जागा ठरवून घ्या आणि पुढे नेहमी तीच ठेवा. एकाच जागी पुन्हा पुन्हा चिमटे काढू नका, मांजर वैतागतं आणि आपणही मग हवं तेच बघायला लागतो.

हिरड्या बघताना हात धुऊन पूर्ण कोरडे करा, नाहीतर आपलाच ओलावा आपल्याला जाणवेल. मांजर नुकतंच पाणी प्यायलं असेल तर थोडा वेळ जाऊ द्या. समोरून हात नेऊ नका, बाजूला बसून अंगठ्याने वरचा ओठ सुळ्यापाशी हलकेच उचला आणि दुसऱ्या बोटाचं टोक सुळ्याच्या वरच्या हिरडीवर टेकवून सरकवा. बोट बुळबुळीत सरकलं आणि त्याला ओल लागली तर ठीक. बोट किंचित अडलं, उचलताना चिकटल्यासारखं वाटलं, तर पाणी कमी झालेलं असू शकतं. तेव्हाच हिरडीवर बोट दाबून सोडा. पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. मात्र या तपासणीत पाणी मोजलं जात नाही, रक्त टोकापर्यंत पोचतंय की नाही एवढंच कळतं. हिरड्या पांढुरक्या असतील किंवा ठिपका रेंगाळला तर पुढचं काही न तपासता निघायचं. काही मांजरांच्या हिरड्या जन्मजात काळ्या असतात. तिथे ठिपका दिसत नाही, फक्त ओल बघता येते. मांजर चावायला आलं तर लगेच थांबा. चावलंच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली भरपूर धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी दवाखान्यात जा.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. अंगातल्या पाण्याची तूट वजनाच्या सुमारे पाच टक्क्यांपेक्षा कमी असते, तोवर या दोन्ही तपासण्यांत काहीच दिसत नाही. म्हणजे चार किलोच्या मांजराचं दोनशे मिलिलिटरच्या आसपास पाणी गेलेलं असतं, तरी कातडी पटकन बसते आणि हिरडी ओली लागते. कातडी स्पष्ट रेंगाळायला लागेपर्यंत तूट पाचाच्या पुढे गेलेली असते. ती उभीच राहते आणि डोळे आत गेलेले दिसतात तेव्हा दहाच्या आसपास, आणि तिथून पुढे जिवावरचं असतं. म्हणून या तपासण्यांवरून दवाखान्यात जायचं ठरवावं, न जायचं कधीच ठरवू नये.

त्यातही मांजरामांजरात फरक आहे. पूर्व भागात आमच्या ओळखीच्या काकूंकडे यंत्रमागाच्या शेडला लागून घर आहे. तिथला बोका गुबगुबीत, सहा किलो शंभर ग्रॅमचा. आदल्या संध्याकाळपासून उलट्या करत होता, काही खात नव्हता. काकू म्हणाल्या, "कातडी तर रबरासारखी बसतीय, तोंडसुद्धा ओलं हाय." दोन्ही खरं होतं. पण लठ्ठ जनावराच्या कातडीखालची चरबी तिला लगेच ओढून बसवते, आणि मळमळणाऱ्या मांजराच्या तोंडाला लाळ सुटते, त्या लाळेने हिरडी ओली लागते. काट्यावर तो पाच किलो आठशे भरला. तीनशे ग्रॅम, म्हणजे पाच टक्क्यांच्या जवळ. त्यातलं थोडं रिकाम्या आतड्याचं धरलं तरी उलट्या चालू असताना एवढी घट थांबण्यासारखी नव्हती. दवाखान्यात डॉक्टरांनी आधी जीभ उचलून बघितली. जिभेच्या मुळाशी मागावरचा दोरा अडकलेला, आणि त्याचं दुसरं टोक पोटात उतरलेलं. शिरेतून सलाइन देऊन, मग ऑपरेशन करून तो काढावा लागला. ज्यांच्या घरी सूत, दोरा, शिवणकाम आहे त्यांनी हे लक्षात ठेवावं. दोऱ्याचं टोक तोंडात किंवा शेपटीखाली दिसलं तर ते ओढायचं नाही, आतडं कापलं जातं. आणि कातडी-हिरडीवरून कधीच कळत नाही की पाणी का कमी झालं.

म्हाताऱ्या मांजरांचं याच्या अगदी उलट. वयाबरोबर कातडीची लवचीकता जाते, अंगावरची चरबी उतरते, आणि पोटभर पाणी असतानाही चिमटीतली कातडी दोन सेकंद रेंगाळते. आमच्याकडची म्हातारी भाटी अशीच आहे, अंगाने काटकुळी. तिच्या वहीत मी "कातडी हळू, नेहमीचीच" असंच लिहून ठेवलंय. तिच्या बाबतीत कातडीचा उपयोग फारसा नाही, हिरडी आणि वजनच बघावं लागतं. त्यात तिची मूत्रपिंडं थकलीयत. अशी मांजरं खूप पाणी पितात, भरपूर पातळ लघवी करतात आणि तरीही आतून कोरडी पडतात, म्हणून "पाणी पितेय, लघवी होतेय, मग काय काळजी" हा हिशोब तिथे लागू होत नाही. लहान पिल्लांना तर या चिमटीने तपासूच नये. त्यांची कातडी तूट असतानाही झटकन बसते, आणि त्यांना कोरडं पडायला फार वेळ लागत नाही. पिल्लू दूध ओढत नसेल, गार लागत असेल तर तेवढंच कारण पुरेसं आहे.

उन्हाची एक फसवी गोष्ट आहे. पत्र्याच्या खोलीत तापलेलं मांजर तोंड उघडून धापा टाकत असेल तर हिरडी वाऱ्याने कोरडी पडते, ती पाण्याच्या तुटीमुळेच असं नाही. पण मांजराने कुत्र्यासारखी धाप टाकणं हीच मुळात तातडीची गोष्ट आहे. गार जागी आणा, अंगाला ओलं फडकं लावा, पंखा लावा आणि निघा. बोका वारंवार मातीच्या डब्यात जाऊन बसतो, कळवळतो आणि थेंबही येत नाही, तेव्हाही कातडी बघत बसू नका. तिथे पाणी कमी नसतं, वाट बंद झालेली असते आणि एखाद-दोन दिवसांत जीव जातो.

घरी काय करू नये तेही यादीत असू द्या. सुस्त मांजराच्या तोंडात सिरिंजने पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. माणसाची तापाची गोळी तर देऊच नका, पॅरासिटामॉल मांजराला विष आहे. शुद्धीत असेल आणि उलटी होत नसेल तर भांड्यात ताजं पाणी आणि ओलं खाणं समोर ठेवा, तेवढंच. कोरड्या दाण्यांत पाणी जेमतेम दहा टक्के असतं, ओल्या खाण्यात पंचाहत्तरच्या वर. आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येतं, तेव्हा मांजराचं भांडंसुद्धा साठवणीच्या पाण्यातूनच रोज धुऊन भरायचं हे घरात ठरलेलं असावं.

वहीचं एक पान पिंजऱ्यालाच अडकवा. त्यावर निरोगी वजन आणि तारीख, कातडी कशी बसते, हिरडीचा रंग, चालू औषधं, आणि रविवारी व रात्री कोणता दवाखाना उघडा असतो त्याचा नंबर. तो नंबर आत्ताच फोन करून खात्री करून घ्या. निघताना शेवटचं खाणं, लघवी आणि उलटी कधी झाली ते त्याच पानावर लिहा.

परत आल्यावर एक लक्षात असू द्या. डॉक्टरांनी कातडीखाली सलाइन दिलं असेल तर खांद्यापाशी पाण्याची पिशवी झाल्यासारखं लोंबतं, कधी ते पुढच्या पायाकडे उतरतं, आणि काही तासांत जिरतं. ते जिरेपर्यंत तिथली चिमटी काहीच सांगत नाही. दीडशे मिलिलिटर दिलं असेल तर काट्यावर दीडशे ग्रॅम तेवढ्यापुरते वाढलेले दिसतील, म्हणून त्या दिवशीच्या वजनाशेजारी "सलाइन १५० मिली" असं लिहा आणि खरी तुलना दुसऱ्या दिवशी सकाळच्या वजनापासून धरा.