अल्बमच्या फोटोंना कॅप्शन जोडताय? आम्ही केलेल्या या चुका टाळा

आमच्या अमळनेरच्या घरी कपाटावर एक काळ्या पानांचा अल्बम होता. त्यातले ३८ फोटो मोबाइलवर काढायचे, एकेक ऑनलाइन अल्बमवर अपलोड करायचे आणि प्रत्येकाखाली दोन ओळी लिहायच्या, एवढंच काम होतं. दोन संध्याकाळी पुरतील असं वाटलं, पण पंधरा दिवस गेले. त्यातले दहा तरी पहिल्यांदा केलेलं निस्तरण्यात गेले.

पहिली चूक सगळ्यात महागात पडली. मी कॅप्शन थेट त्या ऑनलाइन अल्बमच्या चौकटीत लिहीत गेले. फोटो चढला, चौकट उघडली, ओळ टाइप केली, सेव्ह केलं, पुढचा. सगळे ३८ झाल्यावर नाशिकच्या भावाने ते डाउनलोड केले आणि विचारलं, "ताई, नावं कुठे आहेत?" फोटो होते, ओळी नव्हत्या. अशा बऱ्याच सेवांत आपण लिहिलेली ओळ त्यांच्या नोंदवहीत राहते, फोटोच्या फाइलमध्ये जात नाही. पडद्यावर ती फोटोखालीच दिसते म्हणून आपल्याला वाटतं की फोटोवरच लिहिली. फोटोच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिणं वेगळं आणि दुकानदाराच्या वहीत लिहिणं वेगळं.

हे ओळखायला पाच मिनिटं लागतात. पहिल्याच फोटोला ओळ लिहा, तो फोटो दुसऱ्या मोबाइलवर किंवा कॉम्प्युटरवर डाउनलोड करा आणि फाइलची माहिती उघडून बघा. वर्णनाच्या जागी ओळ नसेल तर तिथेच थांबा. मी हे अडतिसाव्या फोटोनंतर केलं.

दुसरी चूक घाईतली. आमच्याकडे संध्याकाळी नेट रडतखडत चालतं. सतरावा फोटो चढतोय तोवर मी अठराव्याची ओळ लिहायला घेतली. सतरावा मध्येच अडकला, अठरावा लहान होता म्हणून आधी चढला आणि यादीत त्याच्या पुढे जाऊन बसला. सारंगखेड्याच्या यात्रेतल्या घोड्याखाली आत्याच्या साखरपुड्याची ओळ आली. घरात हसून हसून पुरेवाट झाली, पण पुढचे सहा फोटोही एकेक घर सरकले होते आणि ते कोणाच्या ध्यानात आलं नाही. यादीतल्या क्रमावर विसंबू नका. फाइलचं नाव 01.jpg, 02.jpg असं आधीच देऊन ठेवा. तोच आकडा फोटोच्या पाठीवर कडेला मऊ पेन्सिलीने, दाब न देता लिहा. बॉलपेनची खूण पुढच्या बाजूला उमटते. फोटो पानाला चिकटलेला असेल तर ओढू नका, पानासकटच मोबाइलने फोटो काढा आणि आकडा वहीत नोंदवा.

आता ओळीच्या लांबीच्या मर्यादांबद्दल, कारण मराठीत लिहिणाऱ्याला त्या लवकर आडव्या येतात. कॉम्प्युटर अक्षरं मोजत नाही, चिन्हं आणि बाइट मोजतो. 'सारंगखेडा' आपल्या नजरेला पाच अक्षरं. पण काना, मात्रा, अनुस्वार धरून ती नऊ चिन्हं होतात आणि देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणजे झाले २७ बाइट. इंग्रजी लिपीत हेच नाव दहा-अकरा बाइटांत बसतं.

भावाने सुचवलं की ओळ फाइलच्या नावातच टाकू, म्हणजे हरवणार नाही. कॉम्प्युटरवर ते जमलंसुद्धा. मोबाइलमध्ये कॉपी करताना मात्र लांब नावांच्या फाइली जाईनात. विंडोजमध्ये नावाला २५५ चिन्हं चालतात, अँड्रॉइडच्या साठ्यात २५५ बाइट. त्यातले चार '.jpg' ला गेले की देवनागरीची ८३ चिन्हं उरतात. 'डावीकडून आत्या, मोठी माय' एवढं लिहिताच त्यातली पंचवीसेक संपतात.

फाइलच्या आत ओळ ठेवायच्याही दोन जागा आहेत. जुनी आयपीटीसीची, तिथे २००० बाइटांची हद्द, म्हणजे मराठीची साधारण ६६६ चिन्हं. दुसरी एक्सएमपीची, तिथे अशी हद्द नाही. आम्ही दुसरी घेतली. ओळ मध्येच कापली गेली की ते शेवटच्या अक्षरावरून कळतं: 'क्ष'चा नुसता 'क्' उरलेला दिसतो किंवा शब्द अर्धाच तुटलेला असतो. म्हणून प्रत्येक ओळीच्या शेवटी पूर्णविराम द्यायची सवय लावली. पूर्णविराम नाही म्हणजे ओळ कापली गेली.

शेवटी जमलं ते असं. प्रत्येक फोटोसाठी त्याच आकड्याची एक साधी टेक्स्ट फाइल, 17.jpg ला 17.txt, यूटीएफ-८ मध्ये सेव्ह केलेली. सगळं एका फोल्डरमध्ये. मग फोटोच्या फाइलमध्ये ओळ लिहिणारा एक्झिफटूल हा मोफत प्रोग्राम आणि त्याच फोल्डरमध्ये उघडलेल्या विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ही कमांड:

```
exiftool -ext jpg "-XMP-dc:Description<=%f.txt" .
```

अडतीसच्या अडतीस एका झटक्यात. ओळ सरळ कमांडमध्ये टाइप केली तर विंडोजवर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं येऊ शकतात, म्हणून टेक्स्ट फाइलचा आडमार्ग. फोल्डरमध्ये 17.jpg_original अशा फाइली दिसल्या तर घाबरू नका, त्या मूळ प्रती आहेत. तपासल्याशिवाय त्या पुसायच्या नाहीत. तपासायचं असं:

```
exiftool -XMP-dc:Description 17.jpg > tapas.txt
```

tapas.txt नोटपॅडमध्ये उघडा. काळ्या खिडकीत मराठी वेडीवाकडी दिसते, त्यावरून बिघडलंय असं समजू नका.

यानंतर अपलोड. मेसेंजरवरून पाठवताना 'फोटो' म्हणून पाठवलात तर तो आकाराने कमी केला जातो आणि आतली ओळही सहसा गळते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

तारखेचाही एक घोळ. मोबाइलने फोटोचा फोटो काढला की त्यावर आजची तारीख बसते, म्हणून आजोबांची वरात यंदाच्या मे महिन्यात दिसते. वर्षच माहीत असेल तर आम्ही १ जानेवारी घालतो आणि ओळीत 'साधारण' लिहितो:

```
exiftool -DateTimeOriginal="1978:01:01 12:00:00" 17.jpg
```

ओळीत काय लिहायचं, यावरही आम्ही आपटलो. माझी पहिली ओळ होती: 'नाना, आत्या, यात्रा.' मला ती पुरेशी वाटली. भाच्याने विचारलं, "कोणाचे नाना?" आमच्या भाऊबंदकीत चार नाना आहेत. आता ओळीत आधी जागा, मग साल, मग 'बघणाऱ्याच्या डावीकडून' असं म्हणून प्रत्येकाचं नाव-आडनाव आणि शेवटी अल्बम ज्यांचा त्या आजोबांशी नातं. फोटो काढताना मोबाइलने तो उलटा केला असेल तर डावं-उजवं फिरतं. मागची दुकानाची पाटी सरळ वाचता येते का, एवढं बघून घ्या.

माणसं ओळखायला मोठ्या मायला शेजारी बसवलं होतं. टाइप करताना तिच्याकडे मान वळवावी लागते आणि तिचं बोलणं हातून निसटतं, म्हणून मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू ठेवलं. फोटोचा आकडा मोठ्याने म्हणायचा आणि मग विचारायचं. "हाऊ तुना आबाना मामेभाऊ शे," ती म्हणायची, आणि पुढे तो मामेभाऊ बैलगाडीतून कसा पडला तेही. ओळीत नातं गेलं, बैलगाडी रेकॉर्डिंगमध्ये राहिली.

एकतीस नंबरचा फोटो तिलाही ओळखता आला नाही. फेटा बांधलेला तरुण, हातात घड्याळ, मागे केळीची बाग. 31.txt मध्ये सध्या लिहिलंय: 'ओळख पटली नाही, चोपड्याकडचा असावा.' श्रावणात कानबाईच्या रोटांना सगळी भाऊबंदकी जमेल, तेव्हा प्रिंट काढून ठेवणार आहे.