गॅलरीतील ताटी: वेलघेवडा आणि दोडक्यासाठी बांबू, सुतळी व जाळीचा आधार

उबदार हंगामातील वेलींची पेरणी करण्यापूर्वी त्यांचा आधार उभा करून, ताणून आणि तपासून झालेला असावा. पुष्कळ जण बी आधी पेरतात आणि वेल हातभर वाढली की दोरी शोधू लागतात. तोपर्यंत वेलीचे शेंडे कठड्याच्या गजांना, शेजारच्या कुंडीला किंवा एकमेकांनाच गुंडाळलेले असतात, आणि ते सोडवताना कोवळे खोड मोडते. घेवड्याला माती साधारण १५ अंश सेल्सिअस आणि दोडका, कारले, दुधी यांना २० अंशांच्या वर तापलेली लागते. माती तेवढी तापेपर्यंतचा काळ ताटी उभारण्यासाठी वापरावा.

ताटी कशी असावी हे वेल कशी चढते यावर ठरते. घेवड्याला तणावे नसतात. त्याचे खोडच आधाराभोवती पिळा घेत वर जाते. कोवळा शेंडा हवेत सावकाश गोल फिरत आधार शोधतो आणि उबदार हवेत त्याची एक फेरी सुमारे दोन तासांत पूर्ण होते. म्हणून त्याला उभा, थोडा खरखरीत आणि ताणलेला आधार हवा. काथ्याची दोरी, जाड सुतळी किंवा बोटाएवढी बांबूची काठी त्याला उत्तम चालते. गुळगुळीत नायलॉनच्या दोरीवर मात्र खोड घसरते आणि वेल स्वतःच्याच वजनाने खाली येऊन कुंडीपाशी वेटोळे करून बसते. दोडका, कारले आणि दुधी यांचे खोड पिळा घेत नाही. ती पेरापेरांतून तणावे बाहेर टाकतात आणि तणावा बारीक वस्तूला स्पर्श होताच तिच्याभोवती वळतो. जाड बांबूला त्याची मिठी पुरत नाही, पण जाळीचा धागा त्याला सहज धरता येतो. पकड मिळाल्यावर उरलेला तणावा स्प्रिंगसारखा गुंडाळला जातो, वेलीला आधाराजवळ ओढतो आणि वाऱ्याचा हिसका सोसतो. ज्याला काहीच सापडत नाही तो तणावा काही दिवसांनी वाळून जातो. थोडक्यात, घेवड्याला उभ्या दोऱ्या आणि भोपळावर्गीय वेलींना जाळी, दोन्हींना पेलणारी चौकट बांबूची, अशी विभागणी केली की पुढची बरीच बांधाबांध टळते.

उदाहरणादाखल १.८ मीटर लांब आणि १ मीटर उंच लोखंडी कठडा असलेली, दिवसातून किमान सहा तास ऊन येणारी गॅलरी घेऊ. इथे एक दोडका आणि सहा घेवड्याची रोपे एवढेच लावावे. दोडक्यासाठी २० ते २५ लिटरची, निदान ३५ सेंटिमीटर खोल कुंडी आणि घेवड्यासाठी ६० सेंटिमीटर लांबीची आयताकृती कुंडी पुरते. याहून जास्त वेली लावण्याचा मोह टाळावा. पाने एकमेकांवर चढली की आतली हवा कोंडते आणि भुरी सर्वांत आधी तिथेच दिसते.

चौकटीसाठी सुमारे ३ सेंटिमीटर जाडीचे, २.१ मीटर लांब तीन उभे बांबू आणि १.८ मीटरचे दोन आडवे बांबू लागतात. उभ्या बांबूचे वरचे टोक पेराच्या लगेच वर कापलेले असावे. पोकळ कांडे उघडे राहिले तर त्यात पाणी साचते, डास होतात आणि बांबू आतून कुजतो. दोन उभे बांबू दोन टोकांना आणि तिसरा एका टोकापासून ६० सेंटिमीटरवर ठेवावा, म्हणजे १.२ मीटरचा रुंद भाग जाळीसाठी आणि ६० सेंटिमीटरचा भाग दोऱ्यांसाठी मिळतो. आडव्या बांबूंपैकी एक अगदी वर आणि दुसरा कुंडीच्या काठाच्या किंचित वर बांधावा. सांध्यावर आधी दोन्ही बांबूंना कवेत घेणारे तीन-चार वेढे द्यावेत आणि मग तीच दोरी दोन बांबूंच्या मधल्या फटीतून दोन-तीन वेळा फिरवून ते वेढे आवळावेत. हे आवळण्याचे वेढे बहुतेक जण गाळतात आणि पहिल्या वाऱ्यातच चौकट कातरीसारखी मिटू लागते. सांध्यासाठी सुतळी वापरू नये, कारण ओलाव्याने ती हंगामाच्या मध्यातच कुजू लागते. तिथे नायलॉनची दोरी योग्य. गाठ शक्यतो पेराला टेकून द्यावी, म्हणजे ती सरकत नाही.

ही चौकट सरळ उभी न करता तिचा वरचा भाग गॅलरीच्या आत सुमारे ३० सेंटिमीटर झुकवावा, असे माझे ठाम मत आहे. पाने बाहेरच्या उजेडाकडे पसरतात आणि फळे जाळीच्या आतल्या अंगाला लोंबतात, त्यामुळे तोडणी आत उभे राहून करता येते आणि निसटलेले फळ गॅलरीतच पडते. वरच्या मजल्यावरून खाली पडलेला दोडकासुद्धा कोणाला तरी इजा करू शकतो. त्यामुळे फळ, कुंडी किंवा बांबूचे टोक यांपैकी काहीही कठड्याच्या बाहेर राहू नये. उभ्या बांबूंचे बुंधे कठड्याच्या खालच्या गजाला बांधावेत. झुकाव दिल्यावर कठड्याच्या वरच्या गजापाशी बांबू आणि गज यांच्यात सुमारे १४ सेंटिमीटर अंतर पडते. तिथे त्याच मापाचा बांबूचा तुकडा मध्ये बसवून सगळे एकत्र आवळावे. लोखंडावर बांबू घसरू नये म्हणून मध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळावी.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ताटी वजनाने मोडण्यापेक्षा वाऱ्याने मोडण्याचा धोका जास्त असतो. ओल्या पानांसह आणि फळांसह एका दोडक्याच्या वेलीचे ओझे साधारण ८ ते १० किलो धरले, तरी ताशी ५४ किलोमीटर वेगाचा वारा पानांनी पूर्ण झाकलेल्या पृष्ठभागावर दर चौरस मीटरला सुमारे १४ किलोएवढा दाब देतो. आपल्या उदाहरणातील जाळी सुमारे २ चौरस मीटर आहे, म्हणजे त्या एका झोताचा जोर ३० किलोच्या आसपास जातो. पानांमधून थोडा वारा निघून जातो हे खरे, पण पानांची भिंत जितकी दाट तितकी ही सवलत कमी होते. वाऱ्याचा वेग निम्मा असेल तर दाब चौपटीने कमी होतो आणि दुप्पट झाला तर चौपट वाढतो. म्हणून चौकटीच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांना दोन-दोन दोऱ्या हव्यात, एक आतल्या भिंतीतील पक्क्या हुकाला आणि दुसरी कठड्याच्या वरच्या गजाला, म्हणजे वारा बाहेरून आत येवो किंवा आतून बाहेर ओढो, चौकट जागा सोडत नाही. विजेची वायर, सांडपाण्याचा पाइप आणि कपडे वाळत घालण्याची तार यांना कधीही बांधू नये. पक्का हूक नसेल, तर चौकट कठड्यापेक्षा ५० ते ६० सेंटिमीटरहून उंच करू नये आणि त्या वर्षी दोडका सोडून फक्त घेवडा घ्यावा.

पेरणीआधी एक परीक्षा घ्यावी. वरच्या आडव्या बांबूच्या मध्यावर पाण्याने भरलेली १५ लिटरची बादली आतल्या बाजूने, जमिनीपासून वीतभर उंच राहील अशी टांगावी आणि ती तशीच ठेवून चौकट हाताने पुढे-मागे हलवावी. सांधा कुरकुरला, बांबूवर उभी चीर दिसली किंवा दोरी सरकली, तर तो भाग पुन्हा बांधावा.

जाळीचे घर १० ते १५ सेंटिमीटरचे असावे, म्हणजे हात आरपार जातो. पक्ष्यांना अडवण्याच्या बारीक जाळीत कोवळे फळ शिरते आणि फुगल्यावर अडकून तिथेच वेडेवाकडे होते. शिवाय अशा जाळीत लहान पक्षी गुरफटतात. जाळी चार-सहा ठिकाणी गाठी मारून टांगण्याऐवजी तिच्या काठाच्या प्रत्येक घरातून एक दोरी ओवावी आणि ती दोरी बांबूला वेढत न्यावी, म्हणजे भार सगळ्या घरांवर वाटला जातो. तळहाताने दाबल्यावर जाळी चार बोटांहून जास्त आत गेली, तर ती सैल आहे असे समजावे. घेवड्याच्या बाजूला १० सेंटिमीटर अंतराने काथ्याच्या पाच दोऱ्या वरच्या आडव्या बांबूपासून खालच्या बांबूपर्यंत ताणाव्यात. बाजूच्या दोन उभ्या बांबूंवरही घेवडा चढतो, त्यामुळे सहा रोपांना आधार कमी पडत नाही. दोरीचे खालचे टोक रोपाच्या खोडाला किंवा कुंडीला बांधू नये. कुंडी थोडी सरकवली तरी अशी दोरी रोप मुळापासून उपटते.

रोपे वीतभर झाली की घेवड्याचा शेंडा दोरीला हाताने लावून द्यावा. त्याची वळण्याची दिशा ठरलेली असते, आणि वरून पाहिल्यास तो घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. उलट दिशेने गुंडाळला, तर दुसऱ्या दिवशी तो सुटून मोकळा झालेला दिसतो. वाढणारा शेंडा दोरीच्या वरच्या टोकाला पोहोचला की तो खुडावा.

दोडक्याचे मुख्य खोड एकच ठेवून जाळीवर न्यावे आणि खालच्या ४५ ते ६० सेंटिमीटरमधील बगलफूट कोवळी असतानाच काढावी. त्यामुळे बुंध्याशी हवा खेळती राहते आणि पाणी देताना पाने भिजत नाहीत. शेंडा वर पोहोचल्यावर खुडला की वरच्या बगलफांद्या वाढतात आणि त्या जाळीवर आडव्या पसरवता येतात. तणावे धरेपर्यंत खोड बांधावे लागलेच, तर सुती कापडाची पट्टी आठच्या आकड्यासारखी फिरवून, खोडाभोवती बोट जाईल एवढी जागा ठेवून बांधावे. कोवळी फळे जाळीच्या घरातून आत वळवण्याचे काम दर दोन-तीन दिवसांनी करावे. फळ बोटाएवढे असताना ते सहज होते, नंतर देठ तुटतो. दोडक्याच्या फळाला वेगळा आधार लागत नाही. दुधी लावला असेल तर किलोभराच्या फळाखाली कापडाची झोळी द्यावी आणि ती वेलीला न बांधता वरच्या बांबूला बांधावी.

हंगामात आठवड्यातून एकदा गाठी तपासाव्यात. जोराच्या वाऱ्याचा इशारा मिळाला, तर तयार फळे तोडून घ्यावीत आणि वरच्या भागातील जुनी, पिवळी पाने काढून वाऱ्याला वाट करून द्यावी. वेल दुपारी मलूल होऊन संध्याकाळी सावरत असेल, तर बहुधा पाणी कमी पडते आहे. पण एकच वेल वाऱ्यानंतर मलूल झाली आणि पाणी देऊनही सावरली नाही, तर बुंध्याशी खोड पिळवटून चिरले आहे का ते पाहावे. तसे असल्यास वरचा ताण कापडी पट्टीने कमी करावा.

हंगाम संपल्यावर वेल ओढून काढू नये. बुंध्याशी कापून ती जाळीवरच वाळू द्यावी, म्हणजे तणावे ठिसूळ होऊन जाळी न फाटता सुटतात. घेवड्याच्या काथ्याच्या दोऱ्या वेलीसकट बारीक कापून कंपोस्टमध्ये टाकता येतात. नायलॉनची जाळी धुऊन, वाळवून उन्हापासून दूर ठेवावी आणि पुन्हा वापरण्यापूर्वी तिचा एक धागा दोन्ही हातांनी जोरात ओढून पाहावा. उन्हाने ठिसूळ झालेला धागा तिथेच तुटतो, आणि अशी जाळी पुढच्या पिकाला वापरू नये.