वसुलीची नोंद विक्रीत नको

नाशिकच्या भांडी बाजारातल्या एका दुकानाच्या व्यवहारांच्या नोंदी करायला दिलेल्या उताऱ्यात असं वाक्य आहे असं समजा: ‘गेल्या महिन्यात उधारीवर भांडी नेलेल्या केटररने ५,००० रुपयांच्या बाकीपोटी ४,९०० रुपये रोख देऊन हिशेब मिटवला.’ पैसे आले म्हणून बरेच जण इथे विक्री खातं जमा करतात. पण विक्री माल उधार दिला त्याच दिवशी नोंदली गेली होती. आता फक्त वसुली झाली आहे.

| तपशील | नावे (₹) | जमा (₹) |
|---|---|---|
| रोख खाते | ४,९०० | |
| दिलेली कसर खाते | १०० | |
| केटररचे खाते | | ५,००० |

(बाकीपोटी रोख मिळाली व कसर दिली.)

पूर्ण बाकी फिटली, म्हणून केटररच्या खात्याला ५,०००च जमा होतात; सोडलेले १०० रुपये दुकानाचं नुकसान, म्हणून ते नावे.

दोन्ही रकान्यांची बेरीज जुळली एवढ्यावर मात्र थांबू नका. रोख ४,९०० नावे, विक्री ४,९०० जमा ही चुकीची नोंदही जुळते, तेरीजसुद्धा जुळते. ही चूक सापडते केटररच्या खात्यात: हिशेब मिटूनही तिथे ५,००० रुपये येणे दिसत राहतात.