एचआरला लिहिलेले माझे दोन ईमेल

मला र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात आहे. तो दोन्ही मनगटांत आणि बोटांच्या मुळाशी असलेल्या सांध्यांत आहे. पहिल्या ईमेलमध्ये मी एवढेच लिहिले होते की, तीव्र संधिवातामुळे मला एर्गोनॉमिक वर्कस्टेशन मिळावे. तीन आठवड्यांनी माझ्या जागी नवी खुर्ची आली, आणि एचआरच्या लेखी विषय संपला.

खुर्ची चांगली होती, पण माझी पाठ दुखत नव्हती. ‘एर्गोनॉमिक’ म्हटले की खरेदी विभागाला खुर्चीच आठवते, हे मला ठाऊक नव्हते. नव्याने अर्ज करणाऱ्यांनी याच ठिकाणी सर्वाधिक सावध राहावे: त्या शब्दावर विसंबू नका, हाताला कोणती हालचाल जमत नाही ते लिहा आणि त्या हालचालीसमोर वस्तूचे नाव लिहा.

दुसऱ्या ईमेलचा आशय असा होता: “सकाळी सुमारे तासभर बोटे आखडलेली असतात. साध्या माउसवर तळवा पालथा ठेवावा लागतो, त्यामुळे मनगट पिळले जाते. म्हणून उभ्या पकडीचा माउस हवा. अरुंद कीबोर्डवर मनगटे बाहेरच्या बाजूला वळतात. म्हणून दोन भागांचा, हलक्या दाबाच्या कळांचा कीबोर्ड हवा. टेबल उंच असल्याने मनगटे वर वाकतात. म्हणून कोपराच्या पातळीला येईल असा, टेबलाखालून सरकणारा कीबोर्ड ट्रे हवा. लांब मजकूर बोलून लिहिता यावा यासाठी हेडसेट आणि विंडोजमधील Windows + H वापरण्याची परवानगी हवी. या गोष्टी मिळाल्यास माझे सध्याचे काम मी पूर्ण वेळ करू शकेन.”

शेवटचे वाक्य गाळू नका. माझ्या पहिल्या वैद्यकीय प्रमाणपत्रावर केवळ “विश्रांतीचा सल्ला” असे लिहिलेले होते, आणि ते वाचून मला रजेचा फॉर्म पाठवण्यात आला. नंतर मी संधिवाततज्ज्ञांकडून हातांच्या मर्यादा आणि सुचवलेली साधने लिहून घेतली. औषधांची यादी जोडण्याची गरज नाही.

“साहेबांच्या कानावर घाला, काम होईल,” असा सल्ला देणाऱ्या अनुभवी सहकाऱ्यांवर माझा आता विश्वास नाही. तोंडी विनंतीला तारीख नसते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ खालील नियमांनुसार २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खाजगी आस्थापनेच्या समान संधी धोरणात सहायक साधनांची तरतूद असावी लागते, त्यामुळे ते धोरण आधी मागून वाचा. मात्र पहिल्याच ईमेलमध्ये कायद्याचा दाखला देण्याची घाई करू नका. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र नसले तरी विनंती करता येते. तसे प्रमाणपत्र तेव्हा माझ्याकडेही नव्हते.

माउस आणि कीबोर्ड नऊ दिवसांत आले. ट्रेसाठी मला दोनदा स्मरणपत्र पाठवावे लागले, आणि दोन्ही वेळा मी त्याच ईमेलला उत्तर दिले.