वर्गाची माफी मागणारं पत्र: या चुका टाळा

पुण्यातल्या मराठी शाळांमध्ये मी एकतीस वर्षं गणित शिकवलं. शेवटची सात वर्षं पर्यवेक्षिका होते. त्या सात वर्षांत अनेक शिक्षिका वर्गावर भडकल्यानंतर दुसऱ्या दिवशी कागद घेऊन माझ्याकडे यायच्या. ‘बाई, मुलांना वाचून दाखवणार आहे, एकदा नजर टाका.’ माफी मागावीशी वाटणं चांगलंच. पण जवळजवळ प्रत्येक कागद त्याच त्याच जागी घसरलेला असायचा. त्या जागा मला ओळखता येतात, कारण माझं पहिलं पत्र तिथेच घसरलं होतं.

आठवी ब. ऑगस्ट महिना, घटक चाचणीला आठवडा उरलेला, आणि बैजिक राशींचे अवयव पाडणं चालू होतं. गृहपाठ पाहायला घेतला तर निम्म्या वह्या कोऱ्या. एका मुलीला मी फळ्याशी बोलावलं. तिला मधल्या पदाची फोड करता येईना. मी पूर्ण वर्गासमोर तिला म्हणाले, ‘अभ्यास करायचा नसेल तर सरळ सांग. पुढे लोकांची भांडीच घासायची आहेत ना?’ त्यानंतर पाच-सात मिनिटं मी सगळ्या वर्गावर ओरडत होते. तिची आई शाळेमागच्या सोसायट्यांमध्ये धुण्याभांड्याची कामं करायची. वर्गातल्या आणखी पाच-सहा मुलांच्या आयाही तेच करायच्या. हे मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मी हे वाचून दाखवलं:

‘प्रिय विद्यार्थ्यांनो, काल माझ्याकडून जरा जास्तच बोललं गेलं. चाचणी तोंडावर आलेली असताना निम्म्या वर्गाचा गृहपाठ झालेला नव्हता, त्यामुळे माझा तोल सुटला. कुणाला वाईट वाटलं असेल तर मी दिलगीर आहे. माझा हेतू तुमच्या भल्याचाच होता.’

मुलं एका सुरात ‘हो बाई’ म्हणाली. मला वाटलं, झालं.

क्रियापदामागे लपणं

आपल्या भाषेत स्वतःला वाक्यातून बाजूला काढणं फार सोपं आहे. ‘माझ्याकडून बोललं गेलं.’ ‘आवाज चढला.’ ‘तोल सुटला.’ ‘शब्द निसटले.’ या वाक्यांत आवाज आहे, तोल आहे, शब्द आहेत, फक्त बोलणारी बाई नाही. कर्ता आणि कर्म वेगळे करायला आपणच मुलांना शिकवतो. तेरा वर्षांच्या मुलाला हे नाव घेऊन सांगता येणार नाही, पण कळतं.

तेव्हापासून मी एकच सवय ठेवली आहे. मसुदा फुलस्केप कागदावर शिसपेन्सिलीने लिहायचा, एक ओळ सोडून. मग प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारायची आणि वरच्या मोकळ्या ओळीत लिहायचं: कोणी? उत्तर ‘मी’ असेल आणि वाक्यात ‘मी’ नसेल, तर वाक्य पुन्हा लिहायचं. ‘मी ओरडले.’ ‘मी तिला टाकून बोलले.’ लिहिताना हात अडतो. अडला की समजावं, वाक्य बरोबर जागी आलं.

‘दिलगीर’ हा शब्दही मी काढायला लावते. रस्ता खोदलेला असला की ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ अशी पाटी मुलं शाळेत येताना वाचतात. त्या पाटीचा शब्द वर्गात नको. ‘मी चुकले, मी माफी मागते’ एवढं पुरतं. आणि ‘वाईट वाटलं असेल तर’ मधला ‘तर’ खोडावाच. समोर मुलगी मान खाली घालून बसलेली असताना हा ‘तर’ कशासाठी?

कारण देणं

चाचणी तोंडावर होती हे खरं. गृहपाठ झाला नव्हता हेही खरं. तरी ते पत्रात आलं की पत्राचा अर्थ बदलतो: तुम्ही गृहपाठ केला असता तर मी ओरडले नसते. म्हणजे दोष परत मुलांच्या दप्तरात. इथे तरुण शिक्षिका माझ्याशी वाद घालतात. ‘मग बाई, गृहपाठ न करणं बरोबर होतं का?’ नव्हतं. त्यावर वेगळ्या दिवशी बोला, आठवडाभराने बोला. दोन्ही हिशेब एकाच कागदावर मिटवायची घाई नको. घरचं आजारपण, डोकेदुखी, पन्नास-साठ मुलांचा वर्ग, हेही तसंच. ते सहकाऱ्यांना सांगा, मुख्याध्यापकांना सांगा. मुलांना सांगितलं की मुलं आपल्याला समजून घ्यायला लागतात, आणि मग ज्यांना लागलं त्यांनाच आपली काळजी करावी लागते.

जे बोललो तेच गाळणं

ही माझी सर्वात मोठी चूक.

पत्र वाचल्यानंतरचे चार दिवस वर्ग अगदी गुणी होता. गृहपाठ पूर्ण, वह्या नीटनेटक्या. ‘समजलं का?’ विचारलं की ‘हो बाई’. शंका मात्र एकही नाही. आठवी ब हा शंका विचारणारा वर्ग होता, आणि चार दिवसांत एकाचाही हात वर गेला नाही. माफी पोहोचली नसल्याची ही खूण आहे. नवख्या शिक्षिकेला हीच शांतता यश वाटते. ती मुलगी दुसऱ्या बाकावरून उठून शेवटच्या बाकावर बसायला लागली होती.

पाचव्या दिवशी मधल्या सुट्टीत एक मुलगा वही द्यायला आला आणि जाता जाता म्हणाला, ‘बाई, तुम्ही ते भांड्यांचं पत्रात घेतलंच नाही.’

त्याचं बरोबर होतं. ‘जरा जास्तच बोललं गेलं’ या शब्दांत ते वाक्य कुठेच नव्हतं. ओरडण्याने कुणी दुखावलं नव्हतं, ओरडणं त्यांच्या सवयीचं होतं. मी एका मुलीच्या आईच्या कामाला शिवी म्हणून वापरलं होतं, आणि तेवढंच सोडून बाकी सगळ्याची माफी मागितली होती.

पण इथे खरी अडचण आहे, आणि ‘नेमकं काय चुकलं ते लिहा’ असा सल्ला देणारे ती सांगत नाहीत. ते वाक्य जसंच्या तसं पुन्हा मोठ्याने वाचलं, तर त्या मुलीचा दुसऱ्यांदा अपमान होतो. तिचं नाव घेतलं तर आणखी. म्हणून क्रम बदलावा लागतो: आधी तिच्याशी बोलणं, मग पत्र.

मी शिक्षकखोलीत बोलावलं नाही, तिथे इतर शिक्षक असतात. प्रयोगशाळेबाहेरच्या व्हरांड्यात भेटले, आणि हवं तर मैत्रिणीला घेऊन ये असं सांगितलं. ती घेऊन आली. मी दोन वाक्यांत माफी मागितली आणि मग विचारलं, ‘वर्गासमोर मी याबद्दल काय म्हणावं असं तुला वाटतं? काहीच म्हणू नका, असंही तू म्हणू शकतेस.’ ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘ते वाक्य परत म्हणू नका. माझं नाव नको. पण ते काम वाईट नाही, हे सांगा.’ आणि निघताना, ‘आईला सांगू नका.’ आईची माफी मागावी असं माझ्या मनात होतं. मागितली नाही. तो निर्णय मुलीचा होता.

नवं पत्र असं झालं:

‘आठवी बच्या मुलांनो,

मागच्या मंगळवारी चौथ्या तासाला मी तुमच्यावर ओरडले. तुमच्यातल्या एकीचा मी सगळ्यांसमोर अपमान केला. तसं करताना मी घरकाम करणाऱ्यांना कमी लेखलं. ते कष्टाचं काम आहे, त्यात काहीही कमीपणा नाही. मी जे बोलले ते चूक होतं.

बुधवारी मी तुम्हाला एक पत्र वाचून दाखवलं. त्यात मी हे सांगणं टाळलं आणि दोष तुमच्या गृहपाठावर टाकला. तेही चूक होतं.

मी तुमची माफी मागते. तुम्ही उत्तर द्यायची गरज नाही.

यापुढे मी गृहपाठ सर्वांसमोर तपासणार नाही. वह्या घेऊन जाईन, आणि ज्याचा राहिला असेल त्याच्याशी एकट्याशी बोलेन. ज्याची तयारी नाही त्याला फळ्याशी उभं करणार नाही. मला राग आला तर खडू खाली ठेवून दोन मिनिटं दाराशी जाऊन उभी राहीन.

हे पत्र मी मुख्याध्यापकांनाही दिलं आहे. मी पुन्हा असं बोलले तर तुम्ही त्यांना सांगू शकता.’

शेवटच्या परिच्छेदाला बऱ्याच जणी घाबरतात. घाबरू नका. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई करतं. वर्गात झालेली गोष्ट वर्गातच मिटवू, हा पर्याय आपल्याला नसतोच. मुख्याध्यापकांना पालकांकडून कळण्याआधी आपल्याकडून कळावं.

बाकीच्या चुका

‘पुन्हा कधीच ओरडणार नाही’ असं लिहू नका, तिसऱ्या दिवशी मोडतं. मुलांना डोळ्यांनी पाहता येईल असं एखादं-दुसरंच वचन द्या.

चॉकलेटं वाटू नका. चॉकलेट हातात असताना राग धरून बसणं मुलांना जमत नाही, आणि तो राग त्यांचा हक्काचा आहे.

‘केलंत ना माफ?’ असं विचारू नका. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात रॉय लेविकी आणि सहकाऱ्यांनी माफीच्या सहा घटकांची तुलना केली होती, ती २०१६ साली प्रसिद्ध झाली. जबाबदारी मान्य करणं सर्वात परिणामकारक ठरलं, त्याखालोखाल नुकसान भरून देण्याची तयारी. क्षमेची याचना सर्वात शेवटी. त्यांचे सहभागी मोठी माणसं होती, शाळकरी मुलं नव्हती, पण ‘हो बाई’चा तो सूर मी ऐकला आहे, आणि मला ते पटतं.

वाचताना रडू नका. रडू येईल असं वाटलं तर घरी चार वेळा मोठ्याने वाचून या.

पत्र पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. आणि इंटरनेटवरून उतरवलेला मजकूर तर अजिबात नको. त्यात तुमचा मंगळवार आणि तुमचा चौथा तास नसतो. ज्यांना हे दहा मिनिटांत उरकायचं असतं त्यांना मी सांगायचे, अजून एक दिवस थांबा. मात्र शाळेचे दोन दिवस उलटू देऊ नका. मला सात लागले, ते माझ्या पहिल्या पत्रामुळे.

मी दुसरं पत्र त्याच चौथ्या तासाला उभी राहून वाचलं. कुणी ‘हो बाई’ म्हणालं नाही. मी कागद घडी करून टेबलावर ठेवला, फळ्यावर तारीख लिहिली आणि राहिलेलं उदाहरण घेतलं. ती मुलगी दिवाळीच्या सुट्टीपर्यंत शेवटच्या बाकावरच बसली. मी तिला पुढे ये म्हटलं नाही.